कॅश वाढवता येत नाही, मिस पेनल्टी कमी करायचीय. क्रिटिकल वर्ड फर्स्ट टाकलं तरी फरक का पडेना?

तुषार_आरव्ही

मंडळी, एक छोटा ३२ बिटचा रिस्क-व्ही कोर एफपीजीएवर चालवतोय, इन-ऑर्डर, साधाच. डेटा कॅश ४ केबी, डायरेक्ट मॅप्ड, ३२ बाइटची लाइन, राइट थ्रू, आणि स्टोअर मिस झाला तर लाइन आणत नाही. बाहेर १६ बिटची एसडीरॅम चिप आहे. ब्लॉक रॅम सगळी संपलीय त्यामुळे कॅश मोठी करा, वेज वाढवा असले सल्ले प्लीज नकोत, ते होणारच नाही.

रीड मिस झाला की पहिला वर्ड यायला १२ सायकल लागतात, मग दर २ सायकलला एक वर्ड (बस १६ बिटची म्हणून), म्हणजे आठ वर्डची लाइन पूर्ण यायला १२ + १४ = २६. आधी सीपीयू पूर्ण २६ थांबायचा. आता मी क्रिटिकल वर्ड फर्स्ट केलं, हवा तो वर्ड आधी मागवतो आणि तो आला की १२ व्या सायकललाच सीपीयूला सोडतो. माझा हिशोब असा की पेनल्टी निम्म्याहून कमी झाली तर प्रोग्राम चांगलाच पळायला हवा. पण लिंक्ड लिस्ट फिरवणारी टेस्ट लावली तर एकूण सायकल जेमतेम ३ टक्के कमी झाल्या. मिसचा काउंटर मात्र सांगतोय की पेनल्टी १४ ने उतरली. मग गेल्या कुठे त्या सायकल?

निखिल_७७

कारण सोप्पंय, तुझी राइट थ्रू आहे ना, प्रत्येक स्टोअर बाहेर जातो, मेमरी राइटमध्येच अडकलेली असणार. राइट बफर किती खोल आहे? ४ असेल तर १६ कर. बफर मोठा केला की स्टोअर कधी थांबतच नाहीत, विषय संपला. क्रिटिकल वर्ड फर्स्टने तसाही फार फरक पडत नाही, अर्ली रिस्टार्टच पुरे, कारण मिस बहुतेक वेळा लाइनच्या पहिल्याच वर्डवर होतो.

गप्पिष्ट

राइट कॅशिंगचंच चाललंय ना? माझ्या लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये एसएसडीचं राइट कॅशिंग बंद होतं, चालू केल्यावर कॉपी करायचा स्पीड बराच वाढला. तुमच्याकडे ते टिक आहे का बघा एकदा. फक्त लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो म्हणतात.

तुषार_आरव्ही

गप्पिष्ट, ती डिस्कची गोष्ट झाली, ही प्रोसेसरच्या आतली. माझ्याकडे टिक करायला खिडकीच नाहीये 🙂

निखिल, बफर ४ एंट्रीचा आहे. एक राइट एसडीरॅमला ८ सायकल घेतो. १६ करून बघतो.

माधवी_ग

थांब तुषार, १६ करायच्या आधी दोन गोष्टी सांग. एक, १२ व्या सायकलला सीपीयू सुटला की उरलेल्या १४ सायकल कॅश काय करते, म्हणजे त्या वेळात दुसरा लोड आला तर त्याला उत्तर मिळतं का? दोन, रीड मिस होतो तेव्हा राइट बफरमध्ये काही पडलेलं असेल तर तू काय करतोस?

तुषार_आरव्ही

ताई, १) रिफिल चालू असताना कॅशची एफएसएम रिफिल स्टेटमध्ये असते, दुसरा लोड आला तर तो थांबतो, रिफिल संपली की बघते. २) बफर आधी पूर्ण रिकामा करतो, मगच रीड पाठवतो. नाहीतर जुना डेटा वाचला जायची भीती ना.

माधवी_ग

दोन्ही प्रश्नांच्या उत्तरातच तुझ्या सायकल आहेत.

पहिली गोष्ट आधी. लिस्ट फिरवताना एका नोडवरचे लोड लागोपाठ येतात, `next` वाचला की लगेच `key` वाचतोस, आणि दोन्ही एकाच लाइनमध्ये आहेत. पहिला लोड १२ ला सुटला, मधे एकदोन इन्स्ट्रक्शन झाल्या, दुसरा लोड १४-१५ ला आला आणि तुझी कॅश २६ पर्यंत दार बंद करून बसलीय. म्हणजे वाचवलेल्या १४ पैकी ११-१२ सायकल लगेच परत दिल्यास, फक्त आता त्या मिसच्या काउंटरमध्ये दिसत नाहीत, कारण तुझ्या लेखी दुसरा लोड मिस नाहीच, तो नुसता अडकलेला लोड आहे. म्हणून काउंटर खुश आणि प्रोग्राम जिथल्या तिथे. क्रिटिकल वर्ड फर्स्टचा फायदा हा "पुढचा लोड कधी येतो" यावर ठरतो, आणि चार इन्स्ट्रक्शनमागे एखादा लोड असेल तर तो फार लवकर येतो.

उपाय असा की येणारी लाइन सरळ कॅशमध्ये न टाकता आठ वर्डच्या एका फिल बफरमध्ये घे आणि सोबत ८ बिटचा मास्क ठेव, कुठले वर्ड आले ते. नवीन लोड त्याच लाइनचा असेल आणि त्याचा बिट लागला असेल तर फिल बफरमधून दे, नसेल लागला तर तो वर्ड येईपर्यंतच थांबव, सगळी लाइन येईपर्यंत नाही. लोड दुसऱ्याच लाइनचा असेल आणि कॅशमध्ये हिट असेल तर कॅशमधून दे, ती मोकळीच आहे. लाइन पूर्ण झाल्यावर कॅशमध्ये उतरव आणि तेव्हाच टॅग व्हॅलिड कर. ब्लॉक रॅमला दोन पोर्ट असतात, एक रिफिलला देऊन टाक. हे केलंस की `key` चा वर्ड १४ ला येतो आणि तो लोड १४ लाच सुटतो.

एक मात्र विसरू नकोस. फिल चालू असताना त्याच लाइनवर स्टोअर आला तर तो नुसता राइट बफरमध्ये टाकून चालणार नाही, फिल बफरमधला वर्ड पण बदलावा लागेल, आणि मागून मेमरीतून येणाऱ्या जुन्या वर्डने तो पुसला जाता कामा नये. हे सुरुवातीला जड वाटत असेल तर अशा स्टोअरला लाइन भरेपर्यंत थांबव, ते क्वचितच होतं.

दुसरी गोष्ट, म्हणजे बफर रिकामा करून मग रीड, ही माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठी आहे. मोजून बघ. दर मिसमागे तीन काउंटर लाव: बफर रिकामा व्हायची वाट बघण्यात किती गेल्या, पहिला वर्ड यायला किती, आणि त्यानंतर रिफिलमुळे अडकलेल्या किती.

तुषार_आरव्ही

काउंटर लावले. क्रिटिकल वर्ड फर्स्ट बंद ठेवून दर मिसमागे सरासरी ४४ सायकल: १८ बफरची वाट, १२ पहिल्या वर्डची, १४ उरलेल्या लाइनच्या. चालू केल्यावर शेवटचे १४ जाऊन ११ आले, ते सगळे दुसऱ्या लोडच्या नावावर. म्हणजे ४४ चे ४१ झाले, बस. ताईंचा अंदाज तंतोतंत.

पण ते १८ बघून डोकं फिरलं. मी आजवर लाइनच्या शेपटीमागे धावत होतो आणि रीड तर सुरूच व्हायला १८ सायकल लागतायत.

निखिल, बफर १६ चा पण करून पाहिला. ही वाट १८ वरून उलट वाढली 😐

माधवी_ग

वाढणारच. "आधी रिकामा करा" असा नियम असेल तर बफर जितका खोल तितकी मिसवर रांग लांब. खोल बफर स्टोअरचं थांबणं कमी करतो आणि ते ओझं लोडच्या डोक्यावर टाकतो, आणि लोड तर सीपीयूला आत्ता हवा असतो.

तुझ्याच कोडमधून एक तुकडा घेऊ, फंक्शनची सुरुवात, हे तर हजार ठिकाणी असेल:

```
sw   ra, 28(sp)
sw   s0, 24(sp)
sw   s1, 20(sp)
sw   s2, 16(sp)
lw   a5, 0(a0)     # मिस
```

चार स्टोअर सायकल ० ते ३ मध्ये बफरमध्ये शिरले. पहिला राइट १ ला सुरू होऊन ९ ला संपला, मग १७, २५, ३३. `lw` आला ४ ला. रिकामा करून मग रीड म्हटलं तर रीड ३३ ला सुरू होतो, क्रिटिकल वर्ड ४५ ला मिळतो आणि पूर्ण लाइनची वाट बघितलीस तर ५९. म्हणजे लोडच्या नजरेतून ४१ किंवा ५५ सायकल.

आता रीडला पुढे जाऊ दे. पहिला राइट ९ पर्यंत चिपवर चालूच आहे, त्याला मधे तोडता येत नाही, पण बाकीचे तिघे मागे थांबतील. रीड ९ ला सुरू, क्रिटिकल वर्ड २१ ला. लोडला लागले १७. क्रिटिकल वर्ड फर्स्ट नसतं आणि नुसतं पुढे जाऊ दिलं असतं तरी ३१ झाले असते. म्हणजे ५५ मधून एकट्या क्रिटिकल वर्ड फर्स्टने १४ जातात आणि एकट्या "रीड आधी" नियमाने २४. दोन्ही मिळून ५५ चे १७, कॅशचा एक बाइट न वाढवता.

जुना डेटा वाचला जायची भीती खरी आहे, त्यासाठी मिसचा पत्ता बफरमधल्या चारही एंट्रींशी ताडून बघायचा. जुळला तरच थांबायचं, नाहीतर रीड पुढे. चार कंपॅरेटर लागतात. १६ एंट्री केल्यास तर १६ लागतील, हेही बफर लहान ठेवायचं एक कारण.

निखिल_७७

हो तेच म्हणणार होतो, ॲड्रेस चेक टाकला की झालं. हे घे, मी असंच लिहिलं होतं एकदा:

```
assign hit0 = v0 && (wb_addr0[31:2] == rd_addr[31:2]);
// hit1..hit3 तसेच
assign rd_go = ~(hit0 | hit1 | hit2 | hit3);
```

एम्बेडेड_बाबा

विषयाला जरा फाटा फुटेल पण राइट बफरने मला एकदा चांगलंच रडवलंय म्हणून लिहितो. एका मायक्रोकंट्रोलरवर टायमरचं इंटरप्ट, हँडलरच्या अगदी शेवटच्या ओळीत फ्लॅग क्लिअर करायचो, आणि हँडलर प्रत्येक वेळी दोनदा चालायचा. कोडमध्ये काहीच चूक दिसेना. झालं असं की क्लिअर करणारा राइट बफरमध्येच होता, सीपीयू मात्र "लिहिलं बुवा" समजून हँडलरमधून बाहेर पडला, फ्लॅग अजून वरच, म्हणून इंटरप्ट परत लागला. पत्र पेटीत टाकलं म्हणजे पोचलं नाही, तसं. फ्लॅग हँडलरच्या सुरुवातीला क्लिअर केला आणि शेवटी तोच रजिस्टर एकदा वाचून घेतला तेव्हा सुटलो, काही लोक `DSB` टाकतात.

आणखी एक, कॉर्टेक्स-एम३/एम४ वर बस फॉल्ट आला आणि तो इम्प्रिसाइज दाखवत असेल, म्हणजे पीसी भलत्याच ओळीवर, तर डीबग करताना `ACTLR` मधला `DISDEFWBUF` बिट लावून बघा, राइट बफर बंद होतो आणि फॉल्ट बरोबर त्याच स्टोअरवर येतो. हळू चालतं पण गुन्हेगार सापडतो. सापडला की बिट परत काढायचा.

माधवी_ग

बाबा, फाटा नाही, तुषारला हे लागणारच आहे. तुषार, तुझा यूएआरटी मेमरी मॅप्ड असेल ना? त्याच्या रजिस्टरांना पत्ता ताडून "जुळत नाही, जा पुढे" हा नियम चालत नाही. कंट्रोल रजिस्टर लिहिलं एका पत्त्यावर, स्टेटस वाचलं दुसऱ्या, पत्ते वेगळेच आहेत तरी क्रम महत्त्वाचा. अनकॅश्ड रीडसाठी आधीचाच नियम ठेव, बफर पूर्ण रिकामा आणि मग रीड. `fence` आला तरी तेच.

तुषार_आरव्ही

निखिलचा चेक घातला, यूएआरटीचा नियम पण वेगळा केला. वेग वाढला, लिस्टची टेस्ट बरोबर उत्तर देतेय. पण दुसरा एक प्रोग्राम अधूनमधून उडतोय. एक नऊ आर्ग्युमेंटचं फंक्शन आहे (हो, माहितेय, जुना कोड आहे), त्यातून परत येताना `ret` भलत्याच ठिकाणी जातो, म्हणजे `ra` चुकीचा. प्रत्येक वेळी नाही. `sw ra` च्या नंतर दहा-पंधरा `nop` घातले की उडायचं थांबतं. `sp` त्या वेळी 0x2010 असतो.

माधवी_ग

`nop` ने थांबतं ही फार मोठी खूण आहे, म्हणजे बफर रिकामा व्हायला वेळ मिळाला की सगळं ठीक. आता पत्ते मांड.

फ्रेम ३२ बाइटची असेल तर `ra` 28(sp) वर म्हणजे 0x202C. पहिली आठ आर्ग्युमेंट रजिस्टरमध्ये, नववं कॉल करणाऱ्याने स्टॅकवर ठेवलेलं, ते 32(sp) वर म्हणजे 0x2030. दोन्ही 0x2020 ते 0x203F या एकाच लाइनमध्ये.

`sw ra` झाला, लाइन कॅशमध्ये नव्हती, स्टोअर मिसवर तू लाइन आणत नाहीस, त्यामुळे नवा `ra` फक्त बफरमध्ये. मग `lw` ने नववं आर्ग्युमेंट मागितलं, 0x2030, मिस. निखिलचा चेक वर्डचा पत्ता ताडतो, 0x2030 आणि 0x202C वेगळे, "जा पुढे". पण रीड एक वर्ड आणत नाही रे, सगळी लाइन आणतो! तिच्यासोबत मेमरीतला जुना 0x202C पण आला, कॅशमध्ये बसला, टॅग व्हॅलिड. थोड्या वेळाने बफरमधला `ra` मेमरीत गेला, मेमरी बरोबर झाली, कॅशमधला वर्ड जुनाच राहिला. फंक्शनच्या शेवटी `lw ra, 28(sp)` ला हिट मिळाला आणि जुना पत्ता हातात आला.

आणि कधी उडतो कधी नाही ते यामुळे की नववं आर्ग्युमेंटच अजून बफरमध्ये असेल तर वर्ड जुळतो, तू थांबतोस, आणि सगळं रिकामं होऊन निभावून जातं. ते आधीच मेमरीत पोचलं असेल तेव्हाच अपघात.

म्हणून ताडायची ती लाइन:

```
assign hit0 = v0 && (wb_addr0[31:5] == rd_addr[31:5]);
```

अजून एक बघ, एंट्री `v0` कधी उतरवतोस? राइट कंट्रोलरला दिला त्या क्षणी की तो पूर्ण झाल्यावर? तुझा कंट्रोलर एका वेळी एकच काम करतो म्हणून सध्या निभतंय. उद्या एएक्सआयवर गेलास तर तिथे रीड आणि राइटचे चॅनल वेगळे, त्यांच्यात आपसात क्रमाची काही हमी नाही. `BVALID` येईपर्यंत एंट्री जिवंत ठेवायची आणि ताडत राहायची.

निखिल_७७

माझा वर्डवाला चेक चुकीचा नाहीये, तो फॉरवर्डिंगसाठी होता. लोडला हवा तोच वर्ड बफरमध्ये असेल तर मेमरीत जायचंच कशाला, बफरमधूनच देऊन टाकायचा, तिथे वर्डच ताडावा लागतो.

माधवी_ग

फॉरवर्डिंगसाठी वर्ड बरोबर आहे, मान्य. पण तुझ्या तुकड्यात फॉरवर्डिंग नव्हतं, `rd_go` होतं. आणि फॉरवर्डिंगमध्ये `sb`, `sh` चं काय करायचं तेही ठरवावं लागतं, एंट्रीत एकच बाइट ताजा असेल तर पूर्ण वर्ड देता येत नाही. बाइट मास्क पूर्ण भरलेला असेल तरच द्यायचं, नाहीतर थांबायचं. तुषारला आत्ता ते नको, आधी लाइनचा चेक.

तुषार_आरव्ही

लाइनचा चेक लावला, उडायचं बंद. `nop` काढले तरी चालतंय.

स्वप्ना_हार्डवेअर

तुषार, सिम्युलेशनमध्ये एक चेकर कायमचा ठेवून दे. बाजूला एक साधी मेमरी ॲरे, प्रत्येक स्टोअर सीपीयूने केला त्याच क्षणी तिच्यात लिही, आणि प्रत्येक लोडला कॅशने जे दिलं ते तिच्याशी ताडून बघ. असला बग `ret` पर्यंत पोचायच्या कितीतरी आधी, चुकीच्या पहिल्या लोडलाच पकडला जातो.

आणि एसडीरॅमवर क्रिटिकल वर्ड फर्स्ट करणाऱ्यांसाठी एक खड्डा आहे तो सांगते. तुझी चिप १६ बिटची, बर्स्ट ८ लावला असेल तर एका बर्स्टमध्ये १६ बाइट, म्हणजे लाइनला दोन बर्स्ट. समज 0x1014 हवाय. पहिला बर्स्ट तिथून सुरू केला की चिप आपल्या १६ बाइटच्या आतच गोल फिरते: 14, 18, 1C, 10. मग दुसरा बर्स्ट 00, 04, 08, 0C. हे झालं मोड रजिस्टरमध्ये सिक्वेन्शियल असेल तर. तिथला बिट इंटरलीव्ह्डचा लागला असेल तर तोच बर्स्ट 14, 10, 1C, 18 असा येतो. जुन्या ४८६ चा बर्स्ट पण असाच उलटसुलट यायचा, 4 पासून सुरू केला की 4, 0, C, 8.

तुझा रिफिलचा काउंटर नुसता एकने वाढत असेल आणि चिप इंटरलीव्ह्डमध्ये असेल तर वर्ड कॅशमध्ये अदलाबदल होऊन बसतात. गंमत म्हणजे लाइनच्या सुरुवातीपासून सुरू झालेल्या बर्स्टला दोन्ही क्रम सारखेच, त्यामुळे ॲरे सरळ वाचणाऱ्या सगळ्या टेस्ट पास होतात, हवा तो क्रिटिकल वर्ड पण बरोबरच मिळतो, आणि चुकतो तो नंतरचा शेजारचा लोड. मी यात बराच वेळ घालवलाय.

तुषार_आरव्ही

मोड रजिस्टर बघितलं, सिक्वेन्शियल आहे, वाचलो. चेकर लिहितो.

निखिलच्या सुरुवातीच्या मुद्द्यावर एक, "मिस पहिल्याच वर्डवर होतो" हे ॲरेच्या टेस्टमध्ये खरं निघालं, तिथे अर्ली रिस्टार्ट आणि क्रिटिकल वर्ड फर्स्टमध्ये काहीच फरक नाही. लिस्टमध्ये मात्र नोड लाइनच्या कुठल्याही जागी पडतो, तिथे फरक दिसतो.

गेमिंग_राजा

मग डेस्कटॉपवर पण हे चालू-बंद करता येतं का बायोसमधून? रॅमची लेटन्सी ८० नॅनोसेकंदच्या आसपास दाखवतंय बेंचमार्क, क्रिटिकल वर्ड फर्स्टने निम्मी होईल का?

माधवी_ग

नाही होणार, आणि का नाही ते बघण्यासारखं आहे. डीडीआर४-३२०० वर ६४ बिटची बस, ६४ बाइटची लाइन म्हणजे बसच्या ८ खेपा, त्यांना बीट म्हणतात, आणि सेकंदाला ३२० कोटी बीट. पूर्ण लाइन अडीच नॅनोसेकंदात येऊन जाते. हवा तो वर्ड सगळ्यात शेवटी आला असता तरी तुझे दोन-सव्वादोन नॅनोसेकंदच वाचले असते, ८० मधले. तुषारकडे शेपटी २६ पैकी १४ होती म्हणून त्याला ती दिसते. बस रुंद झाली आणि लाइनच्या मानाने पटपट भरू लागली की ही युक्ती आपोआप छोटी होत जाते. शिवाय ज्या ईसीसीमध्ये तपासणी अनेक बीटांवर मिळून होते तिथे ते सगळे बीट आल्याशिवाय पहिला वर्ड तपासून देताच येत नाही.

रीडला राइटच्या पुढे काढणं मात्र तिथेही चालूच आहे, मेमरी कंट्रोलरमध्ये. तो राइट साठवून ठेवतो, रीड आधी करतो, आणि राइटची रांग ठराविक पातळीपर्यंत भरली की एकदम गठ्ठ्याने सोडतो, कारण बसची दिशा राइटकडून रीडकडे फिरवताना दर वेळी थोडा वेळ वाया जातो. बायोसमध्ये यासाठी काही बटण शोधू नकोस.

तुषार_आरव्ही

फिल बफर + मास्क + लाइनचा चेक, तिन्ही मिळून आकडे: दर मिसमागे ४४ होते ते १९ झाले. ५ बफरची वाट (चिपवर आधीच चालू असलेला राइट, त्याला इलाज नाही), १२ पहिला वर्ड, २ पुढच्या लोडचे. एकूण सायकल जवळपास पाव हिश्शाने कमी. पण एक नवीन दुखणं, स्टोअर थांबण्याच्या सायकल वाढल्या. आधी कमी होत्या.

माधवी_ग

रीड पुढे गेले म्हणजे राइट मागे राहिले, बफर भरलेला राहतो, पुढच्या फंक्शनच्या स्टोअरना जागा मिळत नाही. इथे दोन उपाय. एक, मर्जिंग: एंट्री एका वर्डची न ठेवता अर्ध्या लाइनची म्हणजे १६ बाइटची कर, शेजारचे स्टोअर एकाच एंट्रीत जमू देत. वरच्या तुकड्यातले चार `sw` शेजारी-शेजारीच आहेत, `sp` 0x2010 धरला तर 0x2020 ते 0x202C, अख्खे एका एंट्रीत बसतात आणि एकाच बर्स्टमध्ये जातात. चार वेळा ८ सायकल देण्याऐवजी रो उघडायचा खर्च एकदाच. फक्त यूएआरटीच्या पत्त्यांना मर्ज करू नकोस, तिथे एकाच रजिस्टरवर दोन बाइट लागोपाठ लिहिले तर पहिला गिळला जाईल.

दोन, तीन एंट्री भरल्या की एक राइट रीडच्या आधी जाऊ दे. हे मी नक्की सांगत नाही, कामावर अवलंबून आहे, तुझ्या टेस्टवर मोजूनच ठरव.

निखिल_७७

किंवा सरळ राइट बॅक कर ना. एवढा सगळा खटाटोप राइट थ्रूमुळेच आहे. राइट बॅकमध्ये राइट बाहेर जातातच किती.

माधवी_ग

राइट कमी होतील हे खरं, पण रीड मिसला समोरची लाइन डर्टी निघाली तर आठ वर्ड बाहेर टाकायचेत, ते रीडच्या आधी टाकलेस तर एका दमात २० च्या वर सायकल. म्हणजे तिथेही एक लाइनचा बफर लागतोच, डर्टी लाइन बाजूला काढ, रीड आधी कर, मग ती लिही, आणि तोवर तिचा पत्ता ताडत राहा. शिवाय स्टोअर मिसवर लाइन आणावी लागेल, ते मिस नवीन. स्टॅकवर भरपूर लिहिणाऱ्या प्रोग्रामला फायदा, मोठा बफर एकदाच भरून सोडून देणाऱ्याला तोटा.

स्वप्ना_हार्डवेअर

इथे मी निखिलच्या बाजूने आहे. १६ बिटच्या एसडीरॅमवर राइट थ्रू म्हणजे बस कायम राइटने भरलेली, मर्जिंग करूनही. डर्टी बिट काय, १२८ लाइनला १२८ बिट, ते लॉजिकमध्ये बसतील.

तुषार_आरव्ही

आधी मर्जिंग करतो, चेकर लावून. डीएमए पण आहे माझ्याकडे डिस्प्लेसाठी, तो मेमरीतूनच वाचतो, राइट बॅक केलं तर फ्लश करत बसावं लागेल म्हणून जरा बिचकतोय.

एम्बेडेड_बाबा

फ्लशचं सोड, डीएमएला "चालू" म्हणणारा तुझा स्टोअर राइट बफरमधल्या डेटाच्या मागेच जातोय ना, ते आधी बघ. मर्जिंगमध्ये डेटावाली एंट्री अजून भरायची वाट बघत बसली आणि "चालू" वेगळ्या रस्त्याने पुढे निघून गेला तर स्क्रीनवर जुन्या फ्रेमचे तुकडे दिसतील. त्याच्या आधी `fence` टाक.

तुषार_आरव्ही

तो वेगळ्याच रस्त्याने जातो, अनकॅश्ड पत्त्यांवरचे राइट त्या बफरमधून जातच नाहीत माझ्याकडे. आणि स्क्रीनच्या खालच्या बाजूला कधीतरी जुने पट्टे दिसतात, मला वाटत होतं डिस्प्लेची केबल सैल आहे. `fence` टाकून बघतो आणि लिहितो.